पाळीच्या आधीच्या फुल्या

माझी आत्या जिल्हा रुग्णालयात तीस-एक वर्षं स्टाफ नर्स होती, त्यातली बरीचशी प्रसूती कक्षात. मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पेशंटच्या बाबतीत आमचं बहुतेक पटतं. पाळीतल्या दुखण्यावर मात्र कधीच पटत नाही. आत्याचं म्हणणं, हल्ली डॉक्टर नको तिथे रोग शोधतात आणि त्याची किंमत बायकांच्या पोटावर टाक्यांनी मोजली जाते. माझं म्हणणं, बायका रोग घेऊन वर्षानुवर्षं फिरतात आणि त्यांना कोणी काही विचारतच नाही. या वेळी वादाला कारण झालं तिची सून, म्हणजे माझी वहिनी. वय २९, बँकेत नोकरी, आणि दर महिन्याला दोन दिवस रजा. आमचं बोलणं लिहून काढायला दोघींनीही हरकत घेतली नाही.

आत्या: आधीच सांगते, तिला लगेच कुठे दुर्बिणीला पाठवू नकोस. पाळीत पोट दुखणं हा काही रोग नव्हे. मुली रडत यायच्या, आम्ही मेफ्टाल द्यायचो, गरम पाण्याची पिशवी द्यायचो, तासाभरात हसत घरी जायच्या.

मी: त्या मुलींच्या बाबतीत तू केलंस ते बरोबरच होतं. त्यांचं दुखणं नेहमीच्या कळांचं असतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्यामुळे गर्भाशय जोरात आवळतं, त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि कळ येते. तेच द्रव्य रक्तात मिसळलं की मळमळतं, संडासला पातळ होतं. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन हे द्रव्य बनणंच थांबवतं, म्हणून मुली हसत घरी जातात.

आत्या: मग झालं तर. हिलाही तेच दे.

मी: तिने किती वर्षं तेच घेतलंय, हे तूच सांग.

आत्या: लग्न होऊन आली तेव्हापासून तर बघतेय. पण ती घेते कशी, तेही बघते. अगदी गडबडा लोळायला लागली की एक गोळी, तीही उपाशीपोटी. त्याने काय होणार?

इथे आत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गोळी द्रव्य बनणं थांबवते, बनून झालेलं पुसून टाकत नाही. म्हणून ती पहिली कळ जाणवताच, किंवा पाळी ठरल्या तारखेला येणारी असेल तर थोडी आधी, आणि पोटात काहीतरी खाऊन घ्यायची असते. आयब्युप्रोफेन असेल तर ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, पहिले दोन दिवस न चुकता. दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या बाईने ती आपल्या मनाने घेऊ नये. असे दोन-तीन महिने नीट घेऊन बघितल्याशिवाय ‘गोळीचा उपयोग होत नाही’ हे वाक्य मीही पेशंटकडून मान्य करत नाही.

मी: हे मी तिला मागच्या दिवाळीत सांगितलं होतं. त्यानंतर तिने जेवून, वेळेवर, पहिल्या कळेपासून घेतली. पहिल्या दिवशी थोडं बरं वाटतं म्हणाली. पण तिचं दुखणं पहिल्या दिवशी सुरूच होत नाही, आत्या.

आत्या: म्हणजे?

मी: स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढ बघू. मागच्या वर्षीचंही आहे ना, पाककृतींसाठी जपून ठेवलेलं?

आत्याने दोन्ही आणली. वहिनी पाळीच्या दिवशी तारखेभोवती पेनाने गोल करते. मी सांगितल्यापासून दुखलं त्या तारखेवर फुलीही मारते. ज्या दिवशी दोन गोळ्यांपेक्षा जास्त लागल्या तिथे दोन फुल्या. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या महिन्यात फुली गोलाच्या आदल्या दिवशी सुरू होते आणि तिसऱ्या गोलावर संपते. या वर्षीच्या जूनमध्ये फुल्या गोलाच्या चार दिवस आधीच सुरू झाल्यात, गोल संपल्यावरही दोन दिवस पुढे गेल्यात. शिवाय महिन्याच्या मध्यावरही एक सुटी फुली आहे. पाळीच्या दोन दिवसांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: ‘शी करताना’.

आत्या: हे काय लिहिलंय?

मी: पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की आत, मागच्या बाजूला, सुरी लागल्यासारखी कळ येते. एरवी येत नाही. तुला सांगायला तिला लाज वाटत असणार.

आत्या: मूळव्याध असेल. आमच्याकडे निम्म्या बायकांना असते.

मी: मूळव्याधीला पाळीची तारीख ठाऊक नसते. हे दुखणं त्या चार दिवसांतच येतं. तिचा सगळा इतिहास मी बसून विचारला. तेराव्या वर्षी पाळी आली. पहिलं वर्ष काही त्रास नाही, मग पहिल्या दिवशी कळा. इथपर्यंत अगदी नेहमीचं. नेहमीच्या कळा सहसा पाळी सुरू झाल्यानंतर सहा महिने ते दोन वर्षांत येतात, स्राव सुरू होताना किंवा काही तास आधी चालू होतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. पंचविशीकडे त्या बऱ्याचजणींच्या कमी होतात. हिच्या वाढल्या. कॉलेजात असताना दोन दिवस, नोकरी लागली तेव्हा पाळीच्या आदल्या दिवसापासून. चोविसाव्या वर्षी शौचाच्या वेळची कळ सुरू झाली. लग्नानंतर संबंधाच्या वेळी खोलवर दुखायला लागलं. आता महिन्यातले दहा-बारा दिवस असे जातात.

आत्या: कळा कमी होतात त्या एक मूल झालं की. माझ्या स्वतःच्या तशाच थांबल्या. मी तिला तेच सांगते.

मी: तुझ्या थांबल्या, कारण तुझ्या नेहमीच्या होत्या. बाळंतपणानंतर तशा कळा पुष्कळजणींच्या हलक्या होतात. पण तिला एंडोमेट्रिओसिस असेल, तर गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी बंद असल्यामुळे दुखणं दबेल आणि पाळी परत आली की बहुधा तेही परत येईल. त्याहून मोठी अडचण म्हणजे याच आजारात गर्भ राहायला वेळ लागू शकतो. औषध म्हणून मूल सांगायचं, आणि ते राहिलं नाही की दुखण्याच्या जोडीला तो दोषही तिच्याच माथी.

आत्या यावर थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने तिचा खरा मुद्दा काढला. मला तो तिच्या मूल होण्याच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो.

आत्या: आता माझं ऐक. ‘दुखतंय’ या एका शब्दावर पिशव्या काढलेल्या बायका मी पाहिल्यात. तीस-बत्तीस वर्षांच्या. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, कॅन्सर होईल, काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये पेपरात आलं, सरकारला समिती नेमावी लागली. तू एंडोमेट्रिओसिस असं मोठं नाव घेतेस. उद्या हेच नाव तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात पैसे काढायला वापरलं, तर?

मी: वापरलं जाऊ शकतं, हे मान्यच आहे. म्हणूनच हा आजार कुठे असतो, हे बाईला नीट कळायला हवं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर रुजते. अंडाशयावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. दर महिन्याच्या हार्मोन्सनी ती चिडते, सुजते, तिथे व्रण धरतात, आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटतात, नवे मज्जातंतू फुटतात. रोग बाहेर असेल तर नुसती पिशवी काढून तो कसा जाईल? आतड्यावरची गाठ तिथेच राहते आणि बाई पिशवी गमावूनही दुखतच राहते.

आत्या: पण ही ऊती बाहेर जाते कशी?

मी: पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये हे कारण मांडलं. पण असं उलटं रक्त जवळपास नव्वद टक्के बायकांच्या पोटात जातं आणि आजार होतो साधारण दहातल्या एकीला. म्हणजे पेशी रुजू देणारं आणखीही काही असतं: अनुवंश, प्रतिकारशक्ती, आणि त्या पेशींची स्वतःच इस्ट्रोजेन बनवण्याची खोड. आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. तिच्या आईची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली होती. कशासाठी, ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

आत्या: आणि वाढतं, वाढतं म्हणतेस ते सगळ्यांचंच वाढतं का? मग पन्नाशीपर्यंत बाई उभीच राहणार नाही.

हा प्रश्न डॉक्टरही फारसा विचारत नाहीत. उत्तर असं की नाही, सगळ्यांचं वाढत नाही. उपचार न घेतलेल्या बायकांची काही काळाने पुन्हा दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा काहींचे डाग वाढले होते, काहींचे होते तसेच होते, काहींचे कमीही झाले होते. पण दुखणं आणि डाग बरोबरीने चालत नाहीत. एखादीच्या पोटात सगळं चिकटलेलं असतं आणि ती वंध्यत्वासाठी येईपर्यंत तिला त्रासच नसतो. दुसरीला चार बारीक डाग असतात आणि ती उठू शकत नाही. शिवाय वर्षानुवर्षं दर महिन्याला वेदना पोहोचत राहिली की मेंदू आणि मज्जारज्जू अधिक संवेदनशील होतात. मग लघवी भरली तरी दुखतं, पोटात वायू झाला तरी दुखतं. अशा वेळी डाग वाढलेले नसतानाही दुखणं वाढतं. लवकर थांबवायचं ते यासाठीही.

आत्या: तिची सोनोग्राफी दोनदा झाली. दोन्हीदा नॉर्मल. कागद आहेत कपाटात.

मी: बघितले. दोन्ही पोटावरून केलेल्या. पोटावरून गर्भाशयातली मोठी गाठ दिसते, अंडाशयातला मोठा सिस्ट दिसतो. मागच्या बंधांवरचे डाग दिसत नाहीत. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की मोठं काही नाही. पण घरी कागद आला की सगळे म्हणतात, काही नाही, मनाचे खेळ आहेत.

आत्या: मी म्हणाले होते.

मी: गेल्या आठवड्यात हे काम सतत करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून आतून, योनीमार्गे, सोनोग्राफी करून घेतली. उजव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरचा सिस्ट आहे, आत दाट, एकसारखं, धुरकट दिसणारं जुनं रक्त. चॉकलेट सिस्ट म्हणतात तो. आणि प्रोब हलकेच दाबला की गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांवरून सरकायला हवेत, ते सरकत नाहीत. मागे चिकटलंय. शौचाच्या वेळची कळ तिथून येते.

आत्याने रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला. एक अडचण मी तिला सांगितली, ती इथेही सांगते. लग्न न झालेल्या मुलीची आतून सोनोग्राफी करायला आपल्याकडे घरचे आणि डॉक्टर दोघेही बिचकतात. म्हणून तिचा ‘नॉर्मल’ पोटावरचाच राहतो आणि निदान लग्नापर्यंत लांबतं. तिच्यासाठी एमआरआय हा मार्ग आहे, आणि नीट समजावून संमती घेतली तर गुदमार्गेही सोनोग्राफी होते. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी मात्र या निदानासाठी करू नये. ती इतरही अनेक कारणांनी वाढते आणि घरात कॅन्सरची भीती शिरते.

आत्या: समज, सिस्ट आहे. पण दुखणं वाढलं की ते हेच, असंही तू धरून चालू नकोस. वॉर्डात कॉपर-टी बसवल्यावर दुखणाऱ्या होत्या, आतून इन्फेक्शन झालेल्या होत्या, पस्तिशी-चाळिशीत पिशवी जड होऊन खूप अंगावर जाणाऱ्या होत्या.

मी: नाहीच धरत. कॉपर-टी काढली की ते दुखणं थांबतं. इन्फेक्शनला ताप असू शकतो, वास येणारं पांढरं असू शकतं. पिशवी जड होऊन गुठळ्या पडणं हा बहुतेक अ‍ॅडिनोमायोसिस, तिथे तीच ऊती गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेली असते. पण यातलं काही आहे की नाही, हे ठरवायलाही आधी प्रश्न विचारायला हवेत. पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं? शौचाला, लघवीला, संबंधाला दुखतं का? पाच वर्षांपूर्वी किती गोळ्या लागायच्या? तिला आजवर तीन डॉक्टरांनी पाहिलं. शौचाबद्दल कोणीच विचारलं नाही.

आत्या: मग आता? दुर्बीण?

मी: लगेच नाही. पूर्वी दुर्बिणीने डोळ्यांनी बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात तो आग्रह सोडला. सोनोग्राफीत काही दिसत नसेल, किंवा औषधं लागू पडत नसतील, तर दुर्बीण. तिला मी दोन रस्ते सांगितले. एक, डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी. पाळी बंद होते, डागांना मिळणारं हार्मोन कमी होतं, दुखणं बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत उतरतं. पहिले काही महिने मधूनच रक्ताचे डाग पडतात. त्याने रोग गेला असं होत नाही, औषध थांबवलं की तो परत डोकं काढू शकतो. आणि औषध चालू असताना मुलासाठी प्रयत्न करता येत नाहीत.

आत्या: आणि तिला मूल हवंय.

मी: तिने मला सांगितलं ते असं की वर्षभराने हवंय. घरात हवंय ते आत्ता.

आत्या: माझ्याकडे बघू नकोस. दुसरा रस्ता?

मी: आत्ताच हवं असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, त्या फक्त वेळ खातात. मग एएमएच तपासून अंडाशयात बीजांचा साठा किती आहे याचा अंदाज घ्यायचा, नवऱ्याचीही तपासणी करायची आणि वंध्यत्वाच्या डॉक्टरांना आत्ताच भेटून ठेवायचं. ऑपरेशनने चिकटलेलं सुटतं, डाग काढता येतात, दुखणं कमी होतं, काहींना त्यानंतर दिवसही राहतात. पण सिस्टचं आवरण सोलताना आजूबाजूची चांगली बीजंही जातात. तीन सेंटिमीटरच्या सिस्टसाठी एकोणतिसाव्या वर्षी ती किंमत द्यायची का, हा सोपा निर्णय नाही. ऑपरेशननंतरही काही वर्षांत बऱ्याचजणींना पुन्हा होतं. तिने सध्या डायनोजेस्ट निवडलंय. तीन महिन्यांनी फुल्या बघू, सहा महिन्यांनी सिस्ट मोजू.

आत्या: आणि खाली राहते ती दहावीतली पोर? तिची आई माझ्याकडेच गोळी मागायला येते. तिलाही हे सगळं सांगू का?

मी: नको. तिला गोळी कशी घ्यायची ते तू शिकव, तुझ्याइतकं नीट कोणी शिकवणार नाही. तीन पाळ्या तसं करू दे. दुखणं स्रावाबरोबरच येत-जात असेल आणि शाळा बुडत नसेल, तर काही करायचं नाही. बुडत असेल तर माझ्याकडे पाठव. तपासण्यांच्या आधी मी हार्मोनच्या गोळ्या देऊन बघेन. त्यानेही फरक पडला नाही तर पुढचं. पंधराव्या वर्षी हा आजार नसतोच, असं मात्र समजू नकोस.

आत्या: हे चालेल. पण उद्या हिच्यावर ऑपरेशनची वेळ आलीच, तर मी सोबत येणार आणि संमतीपत्र वाचणार. छापील कागदावर ‘गरज पडल्यास इतर अवयव’ असं लिहून सही घेतात. मी घेतलेल्या आहेत तशा सह्या.

मी: वाचच. काय काय काढणार ते नावानिशी लिहून घे. अंडाशय वाचवणार, गर्भाशयाला हात लावणार नाही, हेही लिहायला सांग. आतड्यावर डाग निघाले तर त्याच वेळी काढणार की फक्त बघून बंद करणार, आणि काढणार असतील तर आतड्याचे सर्जन तिथे असतील का, हेही आधी विचार. काढलेला तुकडा तपासायला पाठवतील, तो रिपोर्ट आणि दुर्बिणीचं चित्रीकरण मागून घ्यायचं. पुढच्या डॉक्टरला ते लागतं.

आत्या: आणि सही तिची. नवऱ्याची नाही, माझी तर नाहीच.

मी: कायद्यानेही तिचीच लागते.

आत्याने रिपोर्ट परत फाईलमध्ये ठेवला आणि दोन्ही जुने पोटावरचे रिपोर्ट त्याच्या मागे लावले, तारखेच्या क्रमाने.